अप्पा, पैसे येतायत हे खरं, पण कुठून येतायत?

मंडळी, या शनिवारी नेहमीसारखा लेख नाही. महिन्याभरापूर्वी मी माझ्या वडिलांना एक पत्र लिहिलं. फोनवर हा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला आमचा आवाज चढतो आणि आई फोन काढून घेते, म्हणून पत्र. ते इथे टाकू का असं विचारलं तर अप्पा म्हणाले, "टाक, पण मामाचं नाव घेऊ नकोस." तेव्हा मामाचं नाव नाही, त्या योजनेचंही नाही. गाव महाळुंगे. बालेवाडीच्या शेजारचं टॉवरवालं महाळुंगे नव्हे, चाकण एमआयडीसीतलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरीही असे एक अप्पा आणि असा एक मामा असणार, म्हणून हा खटाटोप.

---

प्रिय अप्पा,

सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी मी जेवता जेवता उठून गेले, त्याबद्दल आधी माफ करा. चूक माझी होती. मामासमोर तुम्हाला "तुम्हाला कळत नाही" असं म्हणायला नको होतं. आयुष्यभर तुम्ही पैशाचा व्यवहार माझ्यापेक्षा चोख केलाय. एमआयडीसीत जमीन गेली तेव्हा गावात किती जणांनी गाड्या उडवल्या, आणि तुम्ही मागच्या बाजूला भाड्याच्या खोल्या बांधल्या. माझं इंजिनिअरिंग त्या खोल्यांच्या भाड्यावर झालं, हे मी विसरलेले नाही.

म्हणूनच बँकेतली ती २० लाखांची मुदत ठेव मोडायची गोष्ट निघाली तेव्हा माझा तोल गेला. त्या दिवशी जे नीट सांगता आलं नाही ते आता शांतपणे लिहितेय. सावकाश वाचा, पटलं नाही तर खोडून काढा.

मामाचं म्हणणं मी समजले ते असं. पुण्यात एक कंपनी आहे, तिचं सॉफ्टवेअर शेअर बाजारात आपोआप खरेदी-विक्री करतं. आपण पैसे द्यायचे, महिन्याला ८ टक्के मिळणार. गॅरंटी आहे. स्टॅम्प पेपरवर करार होतो आणि मुद्दलाचा पुढच्या तारखेचा चेक आधीच हातात मिळतो. तुम्ही आम्हाला कुणाला न सांगता २ लाख टाकलेत, आणि तीन महिने बरोबर पाच तारखेला १६ हजार खात्यात जमा झालेत. आता २० लाख टाकले की महिन्याला १ लाख ६० हजार येतील. माझ्या पगारापेक्षा जास्त, असं मामा हसत हसत म्हणाला.

मी जे जे बोलले त्यावर तुमचं एकच उत्तर होतं. "अगं, पण पैसे येतायत की!"

या एका वाक्याला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. म्हणून घरी येऊन वही-पेन घेऊन बसले. आता आहे.

पण आधी ती गॅरंटी बघू. अप्पा, तुम्ही वीस-पंचवीस वर्षं चाकणच्या मार्केटला कांदा नेलात. पुढच्या वर्षी कांद्याला अमुक भाव मिळेल असं तुम्हाला कधी कुणी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं का? ज्या वर्षी भाव चढला त्या वर्षी चढला, पडला तेव्हा वाहतूकसुद्धा सुटली नाही. शेअर बाजार त्याहून वेगळा नाही. तिथे कुणाला एखाद्या महिन्यात ८ टक्के मिळतीलही, पण पुढच्या महिन्यात १० टक्के जातीलही. दर महिन्याच्या पाच तारखेला, न चुकता, तेवढेच ८ टक्के? असं उत्पन्न बाजारातून येत नाही. आणि मी सॉफ्टवेअरच लिहिते हो. असं सॉफ्टवेअर असतं तर आमच्या ऑफिसात सोमवारी कुणी आलंच नसतं.

मामा म्हणेल, तू लिहितेस ते वेगळं, हे वेगळं. ठीक आहे, मानून चालू की ते सॉफ्टवेअर खरंच महिन्याला ८ टक्के कमावतं. मग त्या कंपनीच्या मालकाने एक लाख रुपये स्वतःचे घ्यावेत, त्यात टाकावेत आणि व्याजाला हात न लावता ठेवून द्यावेत. वर्षाने त्याचे अडीच लाख होतात. पाच वर्षांनी होतात एक कोटी. दहा वर्षांनी शंभर कोटींच्या वर. कॅल्क्युलेटरवर करून बघा, एक लाखाला १.०८ ने साठ वेळा गुणायचं. असं यंत्र ज्याच्या घरात आहे, तो मामासारख्या माणसाला कमिशन देऊन महाळुंग्यातल्या, निघोज्यातल्या, खराबवाडीतल्या लोकांच्या मुदत ठेवी मोडायला का लावेल? फारच घाई असेल तर बँक त्याला वर्षाला १२-१४ टक्क्यांनी कर्ज देईल. तो तुम्हाला वर्षाला ९६ टक्के देऊ करतोय. बँक सोडून तो तुमच्याकडे आला, कारण बँक हिशोब मागते आणि आपण मागत नाही.

आता तुम्हाला एका खऱ्या प्रकरणाबद्दल सांगते. टीव्हीवर तुम्ही ते बघितलंही असेल, पण तेव्हा ते मुंबईचं म्हणून आपण सोडून दिलं.

२०२४ च्या सुरुवातीला मुंबईत दादरला 'टोरेस' नावाचं दागिन्यांचं चकचकीत दुकान उघडलं. कंपनीचं नाव प्लॅटिनम हर्न प्रायव्हेट लिमिटेड. पुढे कांदिवली, मीरा रोड, कल्याण, सानपाडा अशा ठिकाणीही दुकानं निघाली. तिथे मॉइसनाइट नावाचा खडा विकायचे. हिऱ्यासारखा दिसतो, पण कारखान्यात बनतो, आणि हिऱ्याच्या मानाने किंमत फारच कमी. तो खडा घेतला की तुम्ही भरलेल्या पैशांवर दर आठवड्याला ६ टक्के परत मिळणार, वर्षभर. महिन्याला नव्हे अप्पा, आठवड्याला. आणखी माणसं आणली की वेगळं कमिशन. भाग्यवंतांना गाड्या, फोन.

आणि पैसे यायचे. दर आठवड्याला, ठरल्या दिवशी, बरोबर. म्हणून तर लोकांनी शेजाऱ्यांना सांगितलं, गावाकडच्या भावाला सांगितलं. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीने दर वाढवून ११ टक्क्यांवर नेला, तोही फक्त थोड्या दिवसांसाठी, लवकर या म्हणून. लोक आले. ६ जानेवारी २०२५ ला, सोमवारी, दुकानं बंद आढळली आणि दादरच्या दुकानाबाहेर गर्दी जमली. पोलिसांत पहिली फिर्याद दिली ती दादरच्याच एका भाजीविक्रेत्याने. तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. काही जणांना अटक झाली, पण ज्यांना सूत्रधार म्हटलं गेलं त्यातले बरेच परदेशी नागरिक आधीच देश सोडून गेले होते.

हसू नका की ६ टक्के आठवड्याला म्हणजे उघड लबाडी आहे, लोक कसे फसले. फसलेल्यांना विचारलं असतं तर ते हेच म्हणाले असते, "अहो पण पैसे येत होते की!"

म्हणून मी टोरेसच्या दराचा हिशोब वहीत मांडला. आकडे सोपे घेतलेत. समजा दर आठवड्याला नवीन १०० माणसं येतात, प्रत्येक जण १ लाख भरतो. म्हणजे आठवड्याला १ कोटी आत. धंदा काहीच नाही, आलेले पैसे पेटीत. आणि पेटीतूनच प्रत्येकाला आठवड्याला ६ हजार द्यायचे, तो आला त्याच्या पुढच्या आठवड्यापासून.

पहिल्या आठवड्यात १ कोटी आले, द्यायचं काही नाही. दुसऱ्यात १ कोटी आले, १०० जणांना ६ लाख दिले. दहाव्यात १ कोटी आले, ५४ लाख दिले. बघा किती आरामात चाललंय. सतराव्या आठवड्यात १ कोटी आले आणि ९६ लाख द्यावे लागले. अजूनही जमतंय. पेटीत तोवर ८ कोटी ८४ लाख साठलेत.

अठराव्या आठवड्यात १ कोटी येतात आणि १ कोटी २ लाख द्यावे लागतात. इथून पेटी उतरायला लागते. पण बाहेरच्यांना काही दिसत नाही, कारण प्रत्येकाचे ६ हजार वेळेवर येतायत. चौतिसाव्या आठवड्याच्या शेवटी पेटीत ३४ लाख उरतात. पस्तिसाव्या आठवड्यात नवीन १ कोटी धरूनही ७० लाख कमी पडतात, आणि शटर खाली.

आता या हिशोबातली जी गोष्ट बघून मी स्वतः चकित झाले ती सांगते. तो मालक अगदी मूर्ख किंवा अगदी हळवा असेल तर तो चौतिसाव्या आठवड्यापर्यंत थांबेल. जो पळायच्या तयारीने आलाय तो कधी पळेल? पेटी सर्वात जास्त भरलेली असते तेव्हा, म्हणजे सतराव्या आठवड्याच्या शेवटी. आणि त्या दिवशी लोकांची स्थिती काय? सर्वात आधी आलेल्याला १६ हप्ते मिळालेत, म्हणजे ९६ हजार. त्याने भरले होते १ लाख. म्हणजे त्या दिवशी दुकान बंद झालं तर सतराशे जणांपैकी एकालाही त्याचं मुद्दलसुद्धा परत मिळालेलं नसतं. एकालाही नाही! पण आदल्या दिवशी त्या सतराशे जणांत तक्रार करणारा एक माणूस सापडला नसता. सगळे हेच म्हणाले असते की पैसे येतायत.

अप्पा, तुमचं वाक्य खोटं नाही. पैसे खरंच येतायत. पण अशी योजना जितके दिवस चालते तितके दिवस पैसे येतातच, तो तिचा सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात मोठी जाहिरात. वेळेवर हप्ता येणं हे धंदा खरा असल्याचं लक्षण नाही. खरा धंदा असला तरी हप्ता येतो आणि नुसती पेटी असली तरी येतो. ज्या गोष्टीने दोन्हींतला फरक कळत नाही, तिच्या भरवशावर २० लाख कसे टाकायचे?

आता तुमचा हिशोब. तुम्ही २ लाख भरलेत, ४८ हजार आले. ते ४८ हजार तुमच्याच २ लाखांतले असू शकतात. नफा कशाला म्हणायचं? तुमचं मुद्दल सुटल्यावर जे येईल त्याला. महिन्याला ८ टक्क्यांनी मुद्दल सुटायला साडेबारा महिने लागतात. तुमचे झालेत तीन. आज तुमचे १ लाख ५२ हजार त्यांच्याकडे अडकलेले आहेत, आणि तुम्हाला वाटतंय की आपण ४८ हजारांनी पुढे आहोत. आणि तुम्ही २० लाख टाकलेत तर पहिले तीन हप्ते देऊनही त्यांच्या पेटीत तुमचे १५ लाख २० हजार राहतील. त्यासाठी आधीचे ४८ हजार म्हणजे काहीच नाहीत. मासे धरायला गांडूळ लावतात, तेही खरंच असतं, खोटं नसतं.

जे शेवटपर्यंत चालतं त्याचंही बघा. चौतिसाव्या आठवड्यापर्यंत मालकाने एक रुपयाही खाल्ला नाही असं धरलं, तर पहिल्या सतरा आठवड्यांत आलेल्यांचं मुद्दल सुटून वर काही मिळतं. त्यानंतर आलेल्या सतराशे जणांचं जातं. बरोबर अर्धे अर्धे. म्हणजे या खेळात जिंकलेला माणूस असतोच, आणि तो आपल्याला भेटतो, त्याने घेतलेली गाडी दिसते. पण त्याची गाडी नंतर आलेल्याच्या मुद्दलातून आलेली असते. मधे पैसा कुठेच तयार झालेला नाही.

हे ऐकून आई म्हणेल, मग आमची भिशी काय वेगळी? चांगला प्रश्न आहे. भिशीतही एकीचे पैसे दुसरीलाच जातात. पण दहा बायकांनी हजार हजार काढले तर जिचा नंबर लागतो तिला दहा हजार मिळतात, आणि दहा महिन्यांत तिने भरलेलेही दहा हजारच असतात. कुणाला आधी मिळतात, कुणाला नंतर. जेवढे टाकले त्याच्या दुप्पट देऊ असं भिशीत कुणी म्हणत नाही. ज्या दिवशी आईच्या भिशीत कुणी "सगळ्यांना पंधरा पंधरा हजार" असं म्हणेल, त्या दिवशी अकरावी, बारावी, तेरावी बाई शोधावी लागेल, आणि ती मिळायची थांबली की भांडणं.

या प्रकाराला पॉन्झी म्हणतात ते चार्ल्स पॉन्झी नावाच्या माणसावरून. १९२० साली अमेरिकेत बोस्टनला तो ४५ दिवसांत ५० टक्के द्यायचा. सांगायचा असं, की एका देशातली पोस्टाची उत्तर-कूपनं स्वस्तात घेऊन दुसऱ्या देशात महाग विकतो. कल्पना ऐकायला अगदी शक्य वाटायची. मग कुणीतरी साधा हिशोब केला. त्याने गोळा केलेल्या पैशांसाठी सुमारे १६ कोटी कूपनं लागली असती, आणि चलनात होती सुमारे २७ हजार. त्याचे हप्ते वेळेवर होते की नाही हा मुद्दाच नव्हता. तो सांगत होता तो धंदा तेवढ्या मापाचा अस्तित्वातच नव्हता. मामाला हाच प्रश्न विचारा. त्या कंपनीचे एकूण किती पैसे बाजारात आहेत, कुठल्या डीमॅट खात्यात, आणि त्या खात्याचा उतारा बघायला मिळेल का? खाते तुमच्या नावावर असेल तर खरेदी-विक्रीची नोंद तुम्हाला थेट डिपॉझिटरीकडून येईल. पैसे तुम्ही त्यांच्या खात्यात भरता आणि ते म्हणतात की आम्ही ट्रेडिंग करतो, तर तुमच्याकडे आहे तो फक्त त्यांचा शब्द.

मामाच्या फाइलमधली कागदपत्रं मी बघितली. कंपनी नोंदलेली आहे, पॅन आहे, जीएसटी आहे. अप्पा, प्लॅटिनम हर्नही नोंदलेली कंपनीच होती. कंपनी नोंदवणं म्हणजे जन्माचा दाखला काढणं. गाडी चालवायचं लायसन्स वेगळं असतं. लोकांकडून ठेवी घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, आणि ज्या बिगर-बँक वित्त कंपन्यांना ती आहे त्यांनाही वर्षाला जास्तीत जास्त साडेबारा टक्के व्याज देता येतं. वर्षाला! दुसऱ्यांचे पैसे शेअर बाजारात सांभाळायला सेबीची नोंदणी लागते, आणि सेबीकडे नोंदलेल्या कुणालाही परताव्याची गॅरंटी देता येत नाही. म्हणजे गंमत बघा. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना असं वचन देता येत नाही, आणि जो वचन देतोय त्याच्याकडे परवाना असूच शकत नाही. तुम्हाला ती गॅरंटी म्हणजे जमेची बाजू वाटतेय. मला तीच सगळ्यात मोठी खूण वाटते.

तो पुढच्या तारखेचा चेकही असाच. चेकच्या मागे खात्यात पैसे लागतात. ज्या दिवशी पेटी रिकामी होईल त्या दिवशी तो चेक वटणार नाही, आणि पेटी भरलेली असेल तोवर त्याची गरज पडणार नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी चेक घेतला नेमका त्याच दिवशी तो उपयोगाचा नाही. खटला भरता येईल, पण मग तारखा. राज्यात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात तो. त्यात कंपनीची मालमत्ता जप्त होते, विकली जाते आणि जे हाती लागेल ते ठेवीदारांत वाटलं जातं. चांगला कायदा आहे, पण त्यात वर्षं जातात, आणि जे शिल्लक असेल तेवढंच वाटता येतं.

माझ्या बोलण्याला मर्यादा आहेत, त्याही सांगते. जास्त परतावा म्हणजे लगेच लबाडी असं नाही. कुणी म्हणालं की या धंद्यात दुप्पट होतील किंवा बुडतील, तर तो जुगार असेल, पण तो खरं बोलतोय. आणि दर कमी असला म्हणजे योजना खरी, असंही नाही. अमेरिकेत बर्नार्ड मॅडॉफ महिन्याला एक टक्क्याच्या आसपासच दाखवायचा, पण बाजार पडो की चढो, जवळजवळ दर महिन्याला. ते २००८ साली उघडकीला आलं, कारण मंदीत सगळ्यांनी एकदम पैसे परत मागितले. म्हणून नुसता दर बघू नका. दर ठाम आहे, आणि तो कुठून येतो याचं तपासता येईल असं उत्तर नाही, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की थांबा.

आता मामाबद्दल. अप्पा, मामा लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्याने स्वतःचे ६ लाख घातलेत, मामीचे दागिने ठेवून. तुम्हाला फसवायचं असतं तर स्वतःचे कशाला घातले असते? त्याचाही विश्वास आहे, आणि अशा योजना विश्वासावरच पसरतात. आपल्या भागात जमिनीचे पैसे आले, पाठोपाठ असे लोक आले, आणि त्यांना अनोळखी माणसाची गरजच पडत नाही. मेहुणा मेहुण्याला सांगतो, शिफ्टमधला दोस्त दोस्ताला. पण तुम्ही २० लाख टाकलेत तर त्यातून मामाला कमिशन मिळणार, आणि मग पुढचा माणूस तुम्ही आणाल. उद्या हे बुडालं तर लोक पुण्याच्या कंपनीत जाणार नाहीत, मामाच्या दारात येतील. आपल्याही. २०१९ च्या केंद्राच्या कायद्यात तर अशा बेकायदा ठेव योजनेसाठी लोकांना गोळा करणाऱ्यालाही शिक्षा आहे. "मलाही माहीत नव्हतं" हे त्याला कोर्टात सिद्ध करत बसावं लागेल.

माझं मागणं एवढंच आहे. मुदत ठेव मोडू नका. गावात कुणालाही यात आणू नका, विचारलं तरी "माझं मलाच अजून कळलेलं नाही" म्हणा. आणि त्या २ लाखांतलं उरलेलं मुद्दल परत मागा, आत्ताच. काय उत्तर येतं ते नीट ऐका. "सहा महिने काढता येत नाही", "आता काढलेत तर बोनस जाईल", "काढण्यापेक्षा अजून टाका, तुम्हाला दहा टक्के करून देतो" असं काही आलं तर समजा की पेटी उतरायला लागलीय. टोरेसने शेवटच्या आठवड्यात दर वाढवला तो उगाच नाही. आणि सगळे पैसे मुकाट्याने परत मिळाले, तर देवाची कृपा समजा, पण "बघ, खरी होती की कंपनी" असं म्हणून पुन्हा टाकू नका. ते नंतर आलेल्या कुणाचे तरी असतील.

आणि अप्पा, हे पटो न पटो, रविवारी मी येतेय. मामालाही बोलवा. यावेळी उठून जाणार नाही.

तुमची,
ताई

---

तर मंडळी, हे पत्र. अप्पांनी दोनदा वाचलं असं आई म्हणाली. दुसऱ्यांदा वाचताना कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते, आणि ते एक लाखाचे साठ गुणाकार त्यांनी खरोखर केले. मुदत ठेव जागेवर आहे. २ लाखांचं मुद्दल मागितलं तर उत्तर आलं, "एक वर्ष लॉक-इन आहे, पण आणखी ५ लाख टाकलेत तर दर वाढवून देऊ." चौथा हप्ता पाच तारखेऐवजी अकराला आला. अप्पांनी त्या रात्री मला फोन करून एवढंच सांगितलं, "पेटी उतरतीय." मामा अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचे ६ लाख आत आहेत, त्यामुळे या प्रकरणात मी बरोबर ठरावं असं मला मुळीच वाटत नाही.

ता. क. हिशोब तपासून बघायचा असेल त्यांच्यासाठी. आकडे लाखांत आहेत, `batches` म्हणजे आधी आलेल्या शंभर-शंभरच्या तुकड्या.

```
cash = 0
batches = 0
for week in range(1, 53):
    new = 100
    cash += new - 6 * batches
    batches += new / 100
    print(week, round(cash))
```

सतराव्या ओळीला ८८४ दिसेल, पस्तिसाव्याला उणे ७०. मग `new` मधल्या १०० च्या जागी दर आठवड्याला थोडा थोडा वाढत जाणारा आकडा घालून बघा. बंद पडायचा दिवस पुढे जातो, आणि त्या दिवशी बुडणाऱ्या माणसांची संख्याही वाढते. आणि ६ च्या जागी ११ घालून बघा, पेटी किती लवकर आटते ते कळेल. आपल्या घरच्या अप्पांना हे दाखवायचं असेल तर मात्र लॅपटॉप नको. वही-पेन घ्या, आणि गुणाकार त्यांनाच करू द्या.